‘घेऊ का?’ आणि ‘घेतली’

माझ्या फोनमध्ये तिचे नाव अजूनही ‘म्हार्दोळ’ असेच आहे. नऊ वर्षांपूर्वी फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये आमची ओळख झाली. ती म्हार्दोळला चढत असे, आणि एक दिवस घाईत नंबर घेताना मी नावाच्या जागी तिचा थांबाच लिहून ठेवला. पुढे ती माझी सर्वांत जवळची मैत्रीण झाली, तिच्या घरचे माझ्या घरचे झाले, पण नाव बदलायचे राहून गेले. २०२४ च्या जून महिन्यात तिची बदली मडगावला झाली. तिची बस आता बोरीच्या पुलावरून जाऊ लागली आणि माझी बाणस्तारीवरून. त्या वर्षाच्या अखेरीस कधीतरी मला वाटू लागले, की ती माझ्यापासून दूर चालली आहे.

असे ‘वाटणे’ फार निसरडे असते. ज्या रात्री माझे मन ठीक नसे त्या रात्री तिचा ‘हो’ मला तुटक वाटे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ‘हो’ साधा होकार असे. मी हिशेबाच्या खात्यात काम करणारी बाई. एखादी रक्कम जुळत नसेल तर मूळ पावत्या काढायच्या, ही आमची सवय. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी मी व्हॉट्सॲपमधले आमचे सगळे संभाषण `Export chat` करून, फोटो वगळून, एका फाइलीत उतरवून घेतले. मैत्रिणीचे निरोप मोजायला बसणे शोभते का, हा प्रश्न मलाही पडला होता. पण न मोजता मनातल्या मनात तिच्यावर आरोप करीत राहणे त्याहून अधिक अशोभनीय आहे, असे मी स्वतःला सांगितले आणि शाळकरी मुलांची दोनशे पानी वही उघडली.

फाइलीतली प्रत्येक ओळ अशी दिसते:

```
14/03/24, 8:06 am - म्हार्दोळ: पुढच्या दाराकडे उभी आहे
```

दिनांक, वेळ, नाव आणि मजकूर, एवढेच. यात काय नसते हे आधी ओळखून ठेवावे लागते, नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकतो. फोटो आणि आवाजी निरोप यांच्या जागी फक्त `<Media omitted>` असे येते, त्यामुळे तिने चार मिनिटे बोलून पाठवलेला निरोप आणि कुठून तरी आलेले सुप्रभाताचे चित्र ही दोन्ही फाइलीत सारखीच दिसतात. माझ्या निरोपावर तिने उमटवलेला अंगठा किंवा बदाम फाइलीत उतरतच नाही. हल्ली निम्मी उत्तरे अंगठ्यानेच दिली जातात, त्यामुळे कागदावर जी शांतता दिसते ती प्रत्यक्षात तेवढी नसते. आणि आमच्या झालेल्या फोनांचा तर त्या फाइलीत मागमूसही नव्हता.

पहिली बेरीज धडकी भरवणारी निघाली. मार्चमध्ये दोघींचे मिळून ४१७ निरोप होते, जुलैमध्ये १३१, नोव्हेंबरमध्ये ६४. एवढ्यावर थांबले असते, तर बदली झाल्याबरोबर बाईंनी मला सोडून दिले, असा निकाल मी लावला असता. पण ओळी वाचू लागले तेव्हा मार्च महिना कशाने भरला आहे ते दिसले. ‘सुटली.’ ‘फर्मागुडीला आहे.’ ‘जागा धर.’ ‘आज गर्दी आहे, मागे ये.’ ‘तिकीट काढलंय तुझं.’ ‘संध्याकाळी पाचची की साडेपाचची?’ त्या ४१७ निरोपांपैकी २६८ निरोप बसचे होते. ते लाल पेनने खोडले तेव्हा गप्पा म्हणण्यासारखे १४९ उरले. तसेच जुलैमधले कामाचे ९ निरोप खोडले तेव्हा १२२ उरले. म्हणजे बदलीमुळे आमची बस गेली होती, गप्पा फारशा गेल्या नव्हत्या. दहा वर्षे एकाच कचेरीत किंवा एकाच वर्गात असलेल्या माणसांच्या निरोपांत या व्यवहाराच्या ओळींचा भरणा किती असतो, याची आपल्याला कल्पना नसते. तो व्यवहार संपला की आकडा कोसळतो, आणि आपल्याला वाटते की माणूस कोसळले.

नोव्हेंबरचे मात्र असे काही स्पष्टीकरण सापडले नाही. तिथे ६४ मधून अवघे तीन गेले. १४९, १२२, ६१. दुसरा टप्पा उशिरा आला होता, पण तो खरा होता, आणि माझ्या मनाने बदलीच्या ज्या महिन्यावर बोट ठेवले होते तो महिनाच चुकीचा होता.

मग मी दुसरे मोजमाप घेतले: संभाषण सुरू कोण करते. हे प्रमाण बहुतेकांना सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते काही अंशी खरेही आहे, कारण उत्तर देणे ही सभ्यता असू शकते, पण आपण होऊन बोलायला लागण्यामागे आठवण असावी लागते. सहा तासांहून अधिक खंड पडल्यावर आलेला पहिला निरोप म्हणजे नवे संभाषण, असा नियम मी ठरवला. सहाच का, याला शास्त्राधार नाही. बारा तास धरूनही मोजले, आकडे बदलले, कल तोच राहिला. पण इथेही बस आडवी आली. ती फोंड्याहून सुटत असल्यामुळे सकाळचा पहिला निरोप नेहमी माझाच असे, आणि त्यामुळे सगळे निरोप धरले तर मार्चमध्येही बहुतेक संभाषणे मीच सुरू केलेली दिसत होती. या मोजमापाने पाहिले तर नऊ वर्षांत काहीच बदलले नव्हते! बस वजा केल्यावर चित्र वेगळे झाले. मार्चमध्ये ३१ संभाषणांपैकी १६ तिने सुरू केली होती, जुलैमध्ये २४ पैकी ११. नोव्हेंबरमध्ये १४ पैकी ३. चौदातले तीन म्हणजे फार थोडा माल. एखादा आठवडा ती आजारी असेल तरी एवढा फरक पडतो. म्हणून मी ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर एकत्र धरले: ३९ पैकी ९. निम्म्यावरून पावावर. एका महिन्याच्या आकड्याला मी आता कवडीची किंमत देत नाही, पण तीन महिने सलग तसेच निघाले तर ते मान्य करावे लागते.

उत्तर यायला लागणारा वेळ ही तिसरी गोष्ट, आणि इथे माणसे सर्वांत जास्त फसतात. आधी सरासरीची फसवणूक. समजा तिची पाच उत्तरे चार, सहा, सात आणि नऊ मिनिटांत आली आणि पाचवे रात्री झोपल्यामुळे अकरा तासांनी आले, तर सरासरी सव्वादोन तासांहून अधिक भरते, जी त्यातल्या एकाही उत्तराशी जुळत नाही. त्याऐवजी सगळे वेळ चढत्या क्रमाने मांडून मधला घ्यावा. इथे तो सात मिनिटे येतो, आणि तोच खरा. आमचा मधला वेळ मार्चमध्ये सहा मिनिटे होता आणि जुलैमध्ये दोन तासांच्या घरात गेला. मी जुलैमध्ये त्यावर कुढलेही होते. पण मडगावला ती लोकांसमोरच्या खिडकीवर बसते आणि तिथे फोन खणात ठेवावा लागतो, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. म्हणून मी फक्त रात्री आठनंतरची आणि रविवारची उत्तरे वेगळी काढली, म्हणजे जी वेळ तिची स्वतःची असते ती. मार्चमध्ये तिथला मधला वेळ अकरा मिनिटे होता, जुलैमध्ये चौदा. काहीही झाले नव्हते! ऑक्टोबरनंतर मात्र तो पन्नास मिनिटांवर गेला.

हा पन्नासचा आकडा पाहून माझा जीव खाली गेला हे खरे. पण वहीत शेजारी एक रकाना रिकामा होता, तो माझा. मी तिला किती वेळाने उत्तर देते हे मी मोजलेच नव्हते. मोजले तेव्हा तोही आठ मिनिटांवरून पस्तीसवर गेलेला दिसला. दोन माणसे एकमेकींचा वेग पकडत जातात. ती उशीर करते म्हणून मी करते, मी करते म्हणून ती. आधी कोणी केला हे शोधायला मी सप्टेंबरच्या ओळी एकेक करून वाचल्या आणि ते मला ठरवता आले नाही. उत्तराच्या विलंबावरून कोणाचे मन ओळखू पाहणाऱ्याने आधी स्वतःचा रकाना भरावा, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

सप्टेंबरात घडले होते ते एवढेच, की चवथीला आमच्या घरी सुतक होते. दरवर्षी पंधरा दिवस आधीपासून ती विचारते, गणपतीवरच्या फळांच्या माटोळीला यंदा नवीन काय बांधणार. दुसऱ्या दिवशी नेवऱ्यांचा डबा घेऊन येते आणि माटोळीखाली उभी राहून कुठले फळ कुठून आणले ते एकेक विचारते. त्या वर्षी माटोळी नाही, येणे नाही. ७ सप्टेंबरला तिने तिच्या गणपतीचा फोटो पाठवला, मी हात जोडलेले चित्र पाठवले. फाइलीत त्या दिवसाच्या दोनच ओळी आहेत. चुकलेल्या एका भेटीने एवढे होते का, हे मी सांगू शकत नाही. पण बस गेल्यानंतर आम्हाला एकमेकींच्या समोर आणणारी तेवढी एकच गोष्ट शिल्लक होती, आणि नेमकी तीच त्या वर्षी हुकली.

इथे मला कुठेतरी वाचलेले एक संशोधन आठवले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ब्रिटनमधल्या २४ विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरच्या संपर्काच्या नोंदी अठरा महिने पाहिल्या गेल्या. ही मुले शाळा संपवून कॉलेजात किंवा नोकरीत जात होती, त्यामुळे त्यांच्या आयुष्यातली माणसे भराभर बदलत होती. तरीही प्रत्येक जण आपल्या सर्वांत जवळच्या माणसाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला आपल्या बोलण्याचा जो वाटा देत होता, त्या वाट्यांची ठेवण जवळजवळ तीच राहिली. फक्त त्या जागांवर माणसे नवी आली. ती अठरा-एकोणीस वर्षांची मुले, आम्ही पंचेचाळिशीतल्या बाया. त्यांचे ते आमचे असे म्हणण्यात अर्थ नाही. तरीही मला त्यातून एक दिसले. ती कमी बोलू लागली असेल असे नाही. मडगावच्या खिडकीवर तिच्या शेजारी कोणीतरी बसत असेल, जिला समोर बसून सगळे सांगता येते. माझ्या फाइलीत तिचे माझ्याशी असलेले बोलणे आहे, तिचे एकूण बोलणे नाही.

डिसेंबरात, म्हणजे मोजायला बसण्याच्या आधी, मी एक मूर्खपणा केला होता. तिला आपण होऊन काही लिहायचेच नाही असे ठरवून मी नऊ दिवस गप्प बसले. दहाव्या दिवशी तिचा निरोप आला: ‘बरी आहेस ना गे?’ तेव्हा मला जिंकल्यासारखे वाटले होते. वहीत तो महिना भरताना कळले, की मी माझेच माप बिघडवून ठेवले आहे. त्या महिन्यात संभाषणे कमी का, तर मी ती केली नाहीत म्हणून. शिवाय अशी परीक्षा घेऊन कळते ते एवढेच, की शांतता कोणाला जास्त सोसते. ते नऊ दिवस मी हिशेबातून काढून टाकले. तरीही तिने सुरू केलेल्या संभाषणांचे प्रमाण फारसे हलले नाही.

फोन उरले होते. ते महत्त्वाचे होते, कारण निरोप कमी होऊन फोन वाढले असतील तर मैत्री दुसऱ्या खोलीत गेली असा त्याचा अर्थ होतो. फोनवरची यादी जेवढी मागे गेली तेवढी पाहिली. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक रविवारी एक फोन, वीसेक मिनिटांचा. ऑक्टोबर ते डिसेंबर मिळून तीन.

एवढे झाल्यावर मी वही मिटणार होते. पण आकडे पाहून उठलेली माणसे पावत्या वाचत नाहीत, असे आमचे एक जुने साहेब म्हणत असत, म्हणून मी मार्च, जुलै आणि नोव्हेंबर हे तीन महिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. आणि जे आकड्यांत नव्हते ते तिच्या क्रियापदांत सापडले.

मार्चमध्ये ती मला सतत काहीतरी विचारत होती. ‘पडद्यांना हा निळा घेऊ का?’ ‘सासूबाईंना हे सांगू की नको?’ ‘डोळ्याच्या डॉक्टरांकडे आता जाऊ की मार्च संपल्यावर?’ जूनमध्ये मुलीच्या अकरावीच्या वेळी तर तीन दिवस एकच विषय चालला होता: सायन्स घेऊ दे की कॉमर्स, आणि घेतले तर कुठल्या हायर सेकंडरीत. मी काही फार शहाणे सल्ले दिले नव्हते. पण ती गोष्ट अजून ठरायची होती आणि तेव्हा मी तिथे होते.

नोव्हेंबरमधली वाक्ये अशी आहेत: ‘चष्मा बदलला.’ ‘हॉल रंगवून घेतला.’ ‘आईंना बांबोळीला दाखवून आणलं, बरं आहे आता.’ आणि त्याआधी दसऱ्याला एक फोटो होता. नव्या स्कूटरच्या हँडलला झेंडूची माळ, सीटवरचे प्लॅस्टिक अजून काढलेले नाही, आरशात अर्धवट दिसणारा तिच्या नवऱ्याचा खांदा, आणि खाली एकच शब्द: ‘घेतली.’ मी ‘अरे वा!’ लिहिले, तिने हसरा चेहरा पाठवला. आता वाचताना जाणवले, की स्कूटर काही एका दिवसात घेतली जात नाही. कुठली, कुठल्या रंगाची, हप्त्यावर की रोख, मुलगी चालवणार की नाही, हे सगळे आठवडेच्या आठवडे घरात चालले असणार. त्यातला एकही प्रश्न माझ्यापर्यंत आला नव्हता. ती मला बातमी देत होती, आणि वेळेवर देत होती. लपवत काहीच नव्हती. फक्त गोष्ट पूर्ण झाल्यावर देत होती.

मग मी हेही मोजले. शोधून मिळत नाही ते. आपण घाईत प्रश्नचिन्ह देत नाही, आणि ‘का’ शोधायला गेले तर काल, काम आणि काकू सगळ्या हजर होतात. ओळ न् ओळ वाचावी लागते. अजून न ठरलेली गोष्ट तिने माझ्यासमोर ठेवली असे प्रसंग मार्चमध्ये २२ होते. जुलैमध्ये १७, म्हणजे बदलीनंतरही जवळपास तेवढेच. नोव्हेंबरमध्ये २, आणि त्यातला एक केळफुलाची भाजी करताना ताक किती घालायचे याबद्दलचा.

मला वाटते, उत्तराला लागलेल्या वेळापेक्षा, निरोपांच्या लांबीपेक्षा आणि निळ्या खुणांपेक्षाही हे लक्षण अधिक विश्वासार्ह आहे, कारण कामाच्या ताणाने ते सहसा बदलत नाही. दमलेली, गांजलेली बाई उशिरा उत्तर देते, दोन शब्दांत देते, पण ‘काय करू गे’ हे तिला उलट अधिकच विचारावेसे वाटते. संबंध सुटू लागतो तेव्हा आधी हे विचारणे आटते आणि कळवणे बराच काळ चालू राहते. मात्र यालाही मर्यादा आहे. काही माणसे मुळातच ठरल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. माझा भाऊ तसा आहे, आणि त्याची फाइल काढली तर तो मला जन्मापासून सोडून गेलेला दिसेल. म्हणून तिची तुलना फक्त तिच्याशीच करायची, मागच्या वर्षीच्या तिच्याशी. आणि सुरुवात कुठून धरायची हेही पाहायचे. मी जर दोन वर्षांपूर्वी तिचे सासरे रुग्णालयात असतानाचा महिना पाया म्हणून धरला असता, जेव्हा आम्ही रात्री दोनपर्यंत लिहीत होतो, तर त्यानंतरचा प्रत्येक महिना ओहोटीचाच ठरला असता.

माझा स्वतःचा रकाना मी पुन्हा एकदा टाळला होता. तोही वाचला. मी तिला न ठरलेले शेवटचे काय विचारले होते? ऑगस्टमध्ये एक, आईच्या दातांविषयी. त्यानंतर माझीही वाक्ये ‘झालं’, ‘केलं’, ‘आलं’ अशीच होती.

फेब्रुवारीत आमचे स्वयंपाकघर दुरुस्तीला काढले. खरे तर ओट्याचा दगड ठरत आला होता, पण पक्का झाला नव्हता. मी तिला फोटो पाठवून विचारले, ‘ओट्याला काळा ग्रॅनाइट टाकू का?’ उत्तर सहा तास दहा मिनिटांनी आले: ‘काळा नको गे. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात त्याच्यावर. तुमची विहीर आहे ना अजून?’ मी हो म्हटले. त्यावर अंगठा आला, जो फाइलीत दिसणार नाही. पुढे चार दिवस काही नाही.

आज संध्याकाळी सव्वासातला तिचा निरोप आला. ‘ओले काजूगर मिळाले. केले आज.’ नेहमीसारखा भूतकाळ. आणि मी फोन ठेवणार तोच खाली दुसरी ओळ उमटली, ‘पाठवू का थोडे?’ हा प्रश्न कुठल्या रकान्यात लिहावा हे मला ठरवता येईना. त्यात ठरायचे असे काही नव्हते, डबा बहुधा भरूनही झाला असेल. मी ‘पाठव’ लिहिले, पुसले, आणि मग लिहिले, ‘मीच येते न्यायला. शनिवारी असशील का घरी?’

खुणा निळ्या झाल्या आहेत. त्याला आता चाळीस मिनिटे झाली. तिच्या रात्रीच्या हिशेबाने अजून दहा मिनिटे शिल्लक आहेत.